उत्तर कधी उघडावे? गणितातल्या झगड्याचा आणि त्याच्या नोंदीचा आढावा

गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांच्या हातात जी पुस्तके असतात, त्यांत पुढे प्रश्न आणि मागे उकली असतात. प्रश्न वाचला, वीस मिनिटे गेली, कागद भरला, पण हाती काही आले नाही. आता मागची पाने उघडायची, की अजून बसायचे? लवकर उघडले तर आपण विचार करायला शिकणार नाही, ही भीती असते. उशिरा उघडले तर तेवढ्या वेळात पाच नवी तंत्रे शिकून झाली असती, ही हळहळ असते. शिक्षकांची मते परस्परविरोधी असतात, वरच्या वर्गातली मुले आपापले आकडे सांगतात. कुणी म्हणते अर्धा तास, कुणी म्हणते तीन दिवस.

या प्रश्नावर गेल्या चाळीसेक वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. त्याने एकच आकडा दिलेला नाही, पण वादाची जागा बऱ्यापैकी निश्चित केली आहे. आधी ही परंपरा कुठून आली ते पाहू, मग दोन्ही बाजू, मग थांबण्याची खूण आणि नोंदीची रीत, आणि शेवटी जे अजून ठरलेले नाही ते.

लांब झगड्याची परंपरा

एका प्रश्नावर दिवसचे दिवस घालवणे हे शिक्षणच आहे, ही धारणा युरोपातल्या, विशेषतः हंगेरीतल्या शालेय गणिताने रुजवली. तिथे 1894 मध्ये माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे एक मासिक सुरू झाले. त्यात दर महिन्याला प्रश्न छापून येत, मुले उकली टपालाने पाठवत आणि निवडक उकली पुढच्या अंकांत प्रसिद्ध होत. म्हणजे प्रश्न आणि छापील उकल यांच्यात काही आठवड्यांचे अंतर आपोआपच पडे. उत्तर कधी पाहायचे हा निर्णय मुलाकडे नव्हताच, तो टपाल खात्याने आणि छापखान्याने घेऊन टाकला होता.

त्याच देशातून आलेल्या जॉर्ज पोल्या यांनी 1945 मध्ये ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ हे पुस्तक लिहिले. प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, बेत तडीस नेणे आणि मागे वळून पाहणे, हे त्यांचे चार टप्पे आजही वर्गावर्गांत सांगितले जातात. मदतीबाबत मात्र पोल्या टोकाचे नव्हते. शिक्षकाने फार मदत करू नये आणि फार कमीही करू नये, विद्यार्थ्याच्या वाट्याला कामाचा योग्य हिस्सा उरावा, असे त्यांचे म्हणणे होते. तो हिस्सा किती, हे त्यांनी शिक्षकाच्या तारतम्यावर सोडले.

परीक्षेचे स्वरूपही या परंपरेला बळ देते. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये, जे 1996 मध्ये मुंबईत भरले होते, रोज साडेचार तासांत तीन प्रश्न असे दोन दिवस चालतात. सरासरी प्रश्नामागे दीड तास. याउलट जेईई मेनमध्ये 180 मिनिटांत 75 प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नामागे अडीच मिनिटेही नाहीत. ‘किती वेळ झगडावे’ यावर पुण्या-मुंबईतल्या दोन क्लासांची मते वेगळी दिसतात, त्याचे एक साधे कारण हेच आहे. ते बहुधा दोन वेगळ्या परीक्षांविषयी बोलत असतात. या लेखात पुढे चर्चा आहे ती ऑलिंपियाडच्या जातीच्या, सिद्धता मागणाऱ्या प्रश्नांची.

लवकर उकल पाहावी म्हणणारे

या परंपरेला एक गंभीर प्रश्न ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी विचारला. 1985 मध्ये ग्रॅहम कूपर यांच्यासोबत त्यांनी बीजगणितावर प्रयोग केले. एका गटाने सगळी उदाहरणे स्वतः सोडवली. दुसऱ्या गटाला आधी सोडवून दाखवलेले उदाहरण अभ्यासायला दिले आणि मग तसेच एक सोडवायला दिले. दुसऱ्या गटाला शिकायला कमी वेळ लागला, आणि नंतरच्या तशाच उदाहरणांत त्याच्या चुकाही कमी झाल्या.

स्वेलर यांचे स्पष्टीकरण असे. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. नवखा माणूस जेव्हा ‘इथून तिथे कसे जायचे’ हे चाचपडत असतो, तेव्हा ती सगळी जागा शोधातच खर्च होते आणि प्रश्नाची रचना ओळखून लक्षात ठेवायला काही उरत नाही. म्हणून एखादा प्रश्न कसाबसा सुटला, तरी तो का सुटला हे हाती लागलेले नसते.

या मताची मर्यादा त्याच प्रयोगांत दिसली होती. रचना बदललेल्या उदाहरणांत सोडवलेली उदाहरणे पाहिलेल्या गटाला विशेष फायदा झाला नाही. पुढे स्वेलर यांच्याच वर्तुळातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. नवख्याला उपयोगी पडणारी तीच मदत जाणकाराला निरुपयोगी, प्रसंगी अडथळा ठरते. म्हणजे या बाजूचा सल्ला ‘सर्वांनी लवकर उत्तर पाहावे’ असा नाही. ज्या विषयातली मूळ हत्यारेच अजून हाताला बसलेली नाहीत, तिथे झगडण्यात अर्थ कमी, असा तो आहे. मॉड्युलर अंकगणित कधीच न शिकलेल्या मुलाने त्यावरच्या प्रश्नावर चार दिवस घालवले, तर त्याला ते शास्त्र नव्याने शोधून काढावे लागेल.

आधी अपयश, मग शिकवणे

दुसऱ्या बाजूचे सर्वांत परिचित नाव मनु कपूर यांचे. त्यांचे सुरुवातीचे काम सिंगापूरच्या शाळांतले आहे आणि 2008 पासून ते ‘फलदायी अपयश’ या नावाने ओळखले जाते. त्यांचा एक प्रयोग अनेकदा सांगितला जातो. नववीच्या वयाच्या मुलांना काही फुटबॉलपटूंचे वर्षानुवर्षांचे गोल दिले आणि विचारले, यांत सर्वांत सातत्याने खेळणारा कोण ते मोजण्याची रीत तयार करा. प्रमाण विचलन त्यांना शिकवलेले नव्हते. मुलांनी सरासऱ्या काढल्या, आलेख काढले, लागोपाठच्या वर्षांतले फरक मोजले, पण रूढ सूत्रापर्यंत ती पोहोचली नाहीत. मग शिक्षकाने त्यांच्याच रीती फळ्यावर मांडून प्रत्येकीत काय निसटते ते दाखवले आणि सूत्र शिकवले. नुसती आकडेमोड करण्यात ही मुले आधी सूत्र शिकलेल्या मुलांच्या बरोबरीची ठरली. संकल्पना समजण्यात आणि ती नव्या ठिकाणी लावण्यात ती पुढे होती.

अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशोब तन्मय सिन्हा आणि कपूर यांनी 2021 मध्ये मांडला. ‘आधी प्रयत्न, मग शिकवणे’ या क्रमाला त्यात मध्यम म्हणावा असा फायदा दिसला, मात्र प्राथमिक वर्गांतल्या मुलांबाबत तो टिकला नाही. स्वेलर यांच्या बाजूच्या संशोधकांनीही आपले प्रयोग पुढे ठेवले आहेत. एकमेकांत गुंतलेले बरेच घटक एकदम हाताळावे लागतात, तिथे आधी शिकवलेलेच बरे, असा निष्कर्ष त्यांतून निघतो.

या वादात एक गोष्ट सहज नजरेआड होते. कपूर यांच्या रचनेत झगडा एखाद्या तासिकेपुरता असतो आणि त्यानंतर शिकवणे येतेच. शिवाय ते शिकवणे मुलांच्या फसलेल्या प्रयत्नांशी जोडलेले असते. झगडून झाल्यावर उकल वाचून पुस्तक मिटणे म्हणजे हे नव्हे. त्यामुळे दोन्ही बाजू वाटतात तितक्या दूर नाहीत. उकल कधीतरी पाहायचीच, हे दोघांनाही मान्य आहे. मतभेद आहे तो तिच्या आधी काय घडलेले असावे याबद्दल.

‘जवळ आलोय’ ही भावना

एकटा अभ्यास करणारा मुलगा बहुधा घड्याळ पाहत नाही, मनाला विचारतो. ‘होतच आलंय’ असे वाटले की बसतो, ‘काही खरं नाही’ वाटले की पान उलटतो. या भावनेवर किती भरवसा ठेवावा, हे जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीबी यांनी 1987 मध्ये तपासले. प्रश्न सोडवताना लोकांना ठरावीक अंतराने विचारले, उत्तराच्या किती जवळ आहात? नेहमीच्या बीजगणिती प्रश्नांत हा अंदाज हळूहळू चढत गेला. युक्ती अचानक सुचावी लागणाऱ्या प्रश्नांत मात्र तो शेवटपर्यंत खालीच राहिला आणि उत्तर सुचण्याच्या क्षणी एकदम वर गेला. मेटकाफ यांच्या आधीच्या एका अभ्यासात तर याहून विचित्र गोष्ट दिसली होती. अशा प्रश्नांत ‘अगदी जवळ आलो’ असे आधीच वाटणे हे बरेचदा चुकीच्या उत्तराचे लक्षण ठरले.

थांबण्याच्या निर्णयासाठी याचा अर्थ महत्त्वाचा आहे. आकडेमोड लांबलचक असेल, तर जवळ आल्याची भावना ऐकावी. युक्तीचा प्रश्न असेल, तर ती भावना ना बसण्याचे कारण, ना उठण्याचे.

दुसरी मोलाची निरीक्षणे ॲलन शोनफेल्ड यांची. त्यांनी विद्यार्थ्यांना अनोळखी प्रश्न सोडवताना चित्रित केले. शंभराहून अधिक फितींतल्या सुमारे 60 टक्के प्रयत्नांत एकच आकृतिबंध होता. प्रश्न वाचायचा, झटकन एक वाट धरायची आणि वेळ संपेपर्यंत ती सोडायचीच नाही. या मुलांना गणित येत नव्हते असे नाही. आपण काय करतो आहोत, का करतो आहोत आणि त्यातून काय मिळणार, हे ती स्वतःला विचारत नव्हती. म्हणजे ‘वीस मिनिटे झगडलो’ या वाक्यात वीस मिनिटांचा विचार असेलच असे नाही. त्यात दोन मिनिटांचा विचार आणि अठरा मिनिटांची तीच ती आकडेमोड असू शकते.

प्रश्न बाजूला ठेवून उठण्याचेही संशोधन झाले आहे. उट ना सिओ आणि थॉमस ऑर्मरॉड यांनी 2009 मध्ये अशा शंभरावर अभ्यासांचा एकत्र विचार केला. मध्ये विश्रांती घेतल्याने फायदा होतो, आणि आधी जास्त वेळ विचार केला असेल तर तो फायदा वाढतो, असे त्यात आढळले. उत्तर उघडणे आणि बसून राहणे यांच्या मधला हा तिसरा पर्याय पुष्कळ विद्यार्थी मोजतच नाहीत.

एक प्रश्न, एक नोंद

हे सगळे एका प्रश्नावर लावून पाहू. 1 ते 100 मधून कोणत्याही 51 संख्या निवडल्या, तर त्यांत अशा दोन असतातच की एक दुसरीला निःशेष भागते, हे सिद्ध करा. कबुतरखान्याचे तत्त्व शिकलेल्या मुलासाठी हा प्रश्न बेताचा आहे. वस्तू 51 आणि खाने 50, तर एका खान्यात दोन येणारच. अडचण एवढीच, की खाने कोणते हे प्रश्न सांगत नाही.

अशा प्रयत्नाची नोंद साधारण अशी दिसेल.

पहिली दहा मिनिटे: 1 ते 6 मधून 4 घेऊन पाहिल्या, खरे ठरते. 51 ते 100 या 50 संख्यांत कुणीच कुणाला भागत नाही, म्हणजे 51 हा आकडा कमी करता येणार नाही.

पुढची दहा मिनिटे: लगतच्या जोड्यांचे खाने केले, (1, 2), (3, 4), (5, 6). खाने बरोबर 50 होतात. पण 3 ने 4 ला भाग जात नाही. वाट बंद.

नंतरची पंधरा मिनिटे: संख्या आणि तिची दुप्पट अशा जोड्या केल्या. 51, 53 पासून 99 पर्यंतच्या 25 विषम संख्यांना जोडीदार मिळत नाही. उरलेल्या 75 संख्यांना किमान 38 खाने लागतात, म्हणजे एकूण किमान 63. 50 हवे होते. वाट बंद.

त्यापुढची वीस मिनिटे: जोड्या वेगवेगळ्या प्रकारे लावून पाहिल्या. नवे काही नाही.

इथे एकूण वेळ 55 मिनिटे झाला आहे. तो आकडा फारसे काही सांगत नाही. शेवटची ओळ सांगते. पहिल्या तीन नोंदींत प्रत्येकी एक नवी माहिती आहे, आणि फसलेल्या दोन वाटा नेमक्या कशामुळे फसल्या हेही लिहिलेले आहे. चौथीत काहीच नाही. अनेक अनुभवी मार्गदर्शक थांबण्याची खूण म्हणून हीच ओळ धरतात. एकूण किती वेळ गेला यापेक्षा शेवटची नवी गोष्ट सुचून किती वेळ झाला, ते पाहावे. पंधरा-वीस मिनिटे वहीत नवे काही आले नाही, तर आधी उठावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे, आणि तरीही वही कोरीच राहिली तर मदत घ्यावी.

मदत म्हणजे लगेच पूर्ण उकल नव्हे. उकलीचे पहिलेच वाक्य वाचून बाकी कागदाने झाकता येते, किंवा शिक्षकाला एकच सूचना मागता येते. इथे ती सूचना असेल: सगळे खाने सारख्याच आकाराचे असायला हवेत का? एवढ्याने वाट मोकळी होते. एखादी विषम संख्या घेऊन तिची दुप्पट करत जायचे. 1, 2, 4, 8, 16, 32, 64 हा एक खाना. 3, 6, 12, 24, 48, 96 हा दुसरा. 25, 50, 100 हा आणखी एक. 51 एकटीच आपल्या खान्यात. 100 पर्यंत विषम संख्या 50, म्हणून खाने 50. एका खान्यातल्या कोणत्याही दोन संख्यांत लहान संख्या मोठीला भागतेच.

वहीत काय लिहावे

जॉन मेसन, लिओन बर्टन आणि केय स्टेसी यांनी 1982 मध्ये ‘थिंकिंग मॅथेमॅटिकली’ या पुस्तकात विचार करतानाच समासात खुणा करण्याची रीत सुचवली. अडलो, सुचले, तपासले, मागे वळून पाहिले, अशा त्या खुणा. ‘अडलो’ असे लिहून काढणे हीच अडचणीतून बाहेर पडण्याची पहिली पायरी, असे ते मानतात. आज मुले जी रकान्यांची वही किंवा स्प्रेडशीट ठेवतात, तिचा हेतू याच्या जवळचा आहे, पण रकाने बहुधा चुकीचे असतात. प्रश्न क्रमांक, लागलेला वेळ, सुटला की नाही, एवढ्यावर नोंद थांबते. वरच्या उदाहरणात ती ‘55 मिनिटे, सुटला नाही’ अशी झाली असती आणि तिच्यातून काहीच शिकता आले नसते.

उपयोगी नोंदीत तीन गोष्टी लागतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिली, उकल उघडण्याच्या आधी लिहायची: आपण कुठे अडलो आहोत आणि उत्तर कशात असेल असे वाटते. बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये दाखवले, की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच उघड होता असे वाटू लागते. उकल वाचल्यावर ‘हे सुचलंच असतं’ असे जे वाटते, ते याच जातीचे. आधीची ओळ लिहिलेली असेल तरच त्या वाटण्याची शहानिशा होते.

दुसरी, कोणत्या मदतीने सुटला: स्वतः, एका सूचनेने, की पूर्ण उकल वाचून. महिनाभराच्या नोंदी एकत्र पाहिल्या की चित्र दिसते. भूमितीचे प्रश्न एका सूचनेने सुटतात, पण संख्या सिद्धांतात प्रत्येक वेळी पूर्ण उकल लागते, असे दिसले तर तिथे चिकाटी कमी नाही, हत्यारे कमी आहेत. तिथे स्वेलर यांचा सल्ला लागू पडतो: सोडवलेली उदाहरणे आधी अभ्यासावीत.

तिसरी, काय आडवे आले, एका वाक्यात आणि पुढच्या प्रश्नाला लावता येईल अशा शब्दांत. ‘दुपटीची साखळी सुचली नाही’ हे वाक्य या एकाच प्रश्नापुरते राहते. ‘खाने सारख्या आकाराचेच असतात असे न तपासता धरले’ हे वाक्य पुढेही कामाला येते. त्यासोबत पुन्हा सोडवण्याची तारीख लिहावी, आठवड्यानंतरची किंवा त्याहून पुढची, आणि त्या दिवशी वही न पाहता सिद्धता लिहावी. वाचून कळलेली उकल आणि स्वतः लिहिता येणारी उकल यांतला फरक त्याच दिवशी कळतो.

फसलेल्या वाटा लिहिण्याचा आणखी एक फायदा याच प्रश्नात आहे. 1 ते 100 मधून 51 संख्या निवडल्या तर त्यांत दोन सहमूळ संख्या असतातच, हे सिद्ध करा, असा याचा भाऊबंद प्रश्न आहे. हाच प्रश्न पॉल एर्डोश यांनी सुमारे बारा वर्षांच्या लायोश पोशा याला जेवताना विचारला आणि त्याने तो तिथेच सोडवला, असा किस्सा प्रसिद्ध आहे. त्याची उकल म्हणजे लगतच्या संख्यांच्या जोड्या, कारण लगतच्या दोन संख्यांना 1 खेरीज सामाईक विभाजक नसतो. वरच्या नोंदीत ‘वाट बंद’ म्हणून सोडलेली पहिली वाट हीच.

न सुटलेले

इतके असूनही बरेच काही अनिर्णित आहे. या संशोधनातला झगडा मुख्यतः काही मिनिटांचा किंवा तासिकाभराचा आहे. ऑलिंपियाडच्या प्रश्नावर दोन-तीन दिवस घालवण्याचा फायदा-तोटा नियंत्रित प्रयोगांत मोजणे फार अवघड आहे. त्या बाबतीत आधार आहे तो मुख्यतः परंपरेचा आणि यशस्वी झालेल्यांच्या आठवणींचा. कंटाळून सोडून गेलेल्यांच्या आठवणी कुणी गोळा करत नाही.

फायदा नेमका कशातून होतो, यावरही एकमत नाही. काहींच्या मते झगड्याने जुने ज्ञान जागे होते. काहींच्या मते आपल्याला काय येत नाही ते स्पष्ट होते, म्हणून उकल लक्षपूर्वक वाचली जाते. दुसरे खरे असेल तर झगडा बराच छोटा ठेवून चालेल. पहिले खरे असेल तर तो किती असावा हे आधी काय येते यावर ठरेल.

‘शेवटची नवी गोष्ट सुचून किती वेळ झाला’ ही खूणही शिकवण्याच्या अनुभवातून आलेली आहे, आणि तिच्यातही एक गोम आहे. नवे काय आणि जुन्याचेच दुसरे रूप काय, हे नवख्याला ओळखता येईलच असे नाही. वरच्या उदाहरणात चौथ्या टप्प्यावरचा मुलगा प्रत्येक जोडीला नवा प्रयत्न समजू शकतो. म्हणून निदान सुरुवातीचे काही महिने ही वही शिक्षकाने किंवा वरच्या वर्गातल्या कुणीतरी अधूनमधून वाचावी लागते. सध्याचे पुरावे एवढ्यावर पोहोचतात: हत्यारे नसतील तर लवकर उघडावे, असतील तर बसावे, मदत तुकड्यातुकड्याने घ्यावी, आणि आपण यांपैकी कोणत्या स्थितीत आहोत हे आठवणीपेक्षा वहीवरून ठरवावे.